गल्ल्यात पैसे असूनही ‘सुटे नाहीत’: कमीत कमी नोटा-नाणी शोधताना मोठ्या नोटेपासून केलेली सुरुवात कुठे अडते?

कृष्णाकाठ

सांगलीत माझ्या मामांचे किराणा दुकान आहे आणि तिथल्या बिलाच्या प्रोग्रॅमची देखभाल मी करतो. प्रोग्रॅम पूर्वीच कोणीतरी लिहिलेला आहे. गल्ल्यात कोणत्या नोटा आणि नाणी किती आहेत याची नोंद तो ठेवतो आणि गिऱ्हाइकाला परत द्यायची रक्कम कमीत कमी नगांत कशी द्यावी हे पडद्यावर दाखवतो. त्याची पद्धत सरळ आहे. सर्वात मोठ्या मूल्यापासून सुरुवात करायची, ते जितक्या वेळा बसेल तितक्या वेळा द्यायचे आणि उरलेल्या रकमेसाठी खालच्या मूल्याकडे जायचे.

```python
def parat(rakkam, galla):
    dya = {}
    for mulya in sorted(galla, reverse=True):
        n = min(rakkam // mulya, galla[mulya])
        if n:
            dya[mulya] = n
            rakkam -= n * mulya
    return dya if rakkam == 0 else None
```

गेल्या आठवड्यात १४० रुपयांच्या बिलासाठी गिऱ्हाइकाने २०० ची नोट दिली, म्हणजे ६० रुपये परत द्यायचे होते. त्या वेळी गल्ल्यात १०० पेक्षा लहान असे ५० च्या दोन नोटा, २० च्या चार नोटा, ५ चे एक नाणे आणि २ ची तीन नाणी होती. १० रुपयांचे आणि १ रुपयाचे काहीच शिल्लक नव्हते. प्रोग्रॅमने ‘सुटे नाहीत’ असा संदेश दिला. मामांनी मात्र पडद्याकडे लक्ष न देता २० च्या तीन नोटा काढून दिल्या.

५० दिल्यावर १० उरतात, त्यांत ५ आणि दोनदा २ असे ९ जातात आणि शेवटचा १ रुपया कुठूनच येत नाही, इतके मला दिसते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आपल्या चलनात ही पद्धत नेहमी कमीत कमी नग देते असे मी अभ्यासक्रमात शिकलो होतो. मग ते विधान अपुरे आहे, की या प्रोग्रॅममध्ये आणखी काही दोष आहे?

प्रमेय_९

विधान बरोबर आहे असे मला वाटते. मोठ्या मूल्यापासून सुरुवात करणारी ही ग्रीडी पद्धत चालण्यासाठी प्रत्येक मूल्य आपल्या आधीच्या मूल्याच्या किमान दुप्पट असावे लागते. आपल्याकडे १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५०० ही मूल्ये आहेत आणि त्यांत कुठेही दुपटीपेक्षा कमी अंतर नाही. मूल्ये एकमेकांच्या फार जवळ असली की गोंधळ होतो. १, ३ आणि ४ अशी नाणी असतील तर ६ साठी ग्रीडी ४, १, १ देते आणि ३, ३ हे उत्तर तिच्या नजरेतून सुटते. तुमच्या चलनात तसे काही नसल्यामुळे प्रोग्रॅममधील गल्ल्याची नोंदच चुकलेली असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ती एकदा प्रत्यक्ष मोजून ताडून पाहावी.

एडिसनकर

दुपटीची अट पुरेशी नाही, हे मी न्यू जर्सीत दुकानाच्या काउंटरवर काम करताना पाहिले आहे. इथे १, ५, १० आणि २५ सेंटची नाणी आहेत. ५ ची नाणी संपली की हाती १, १० आणि २५ उरतात. १० ही १ च्या दसपट आहे आणि २५ ही १० च्या अडीचपट आहे, म्हणजे तुमची अट व्यवस्थित पाळली जाते. आता ३० सेंट परत द्यायचे असतील तर ग्रीडी २५ चे एक आणि १ ची पाच अशी सहा नाणी देते, तर १० च्या तीन नाण्यांत काम होते. ५ चे नाणे गल्ल्यात असते तेव्हा २५ आणि ५ अशी दोनच नाणी लागतात आणि ग्रीडीच बरोबर ठरते. अडचण निर्माण होते ती मधले नाणे गेल्यामुळे. कृष्णाकाठ यांच्या गल्ल्यातूनही मधले १० रुपयेच गेले आहेत.

वजाबाकी

एडिसनकर यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. ते का घडते हे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या चलनात ग्रीडी बरोबर का ठरते याची सिद्धता एकदा नीट पाहिली की ती कोणत्या क्षणी मोडते हेही तिच्यातच दिसते.

समजा कोणीतरी एखादी रक्कम कमीत कमी नगांत दिली आहे आणि प्रत्येक मूल्याचा पुरवठा हवा तितका आहे. त्या नगांमध्ये १ रुपयाची दोन नाणी असू शकत नाहीत, कारण त्यांच्या जागी २ चे एक नाणे देता आले असते. २ ची तीन असू शकत नाहीत, कारण ५ आणि १ अशा दोन नाण्यांत तेच ६ रुपये होतात. २ ची दोन आणि १ चे एक असेही असू शकत नाही, कारण ते ५ चे एकच नाणे होते. म्हणून १ आणि २ मिळून जास्तीत जास्त ४ रुपये होतात. ५ ची दोन नाणी असतील तर १० चा एक नग देता येतो, म्हणजे ५ जास्तीत जास्त एक. अशा रीतीने १० पेक्षा लहान नाण्यांचे मिळून जास्तीत जास्त ९ रुपये होतात.

हीच रचना वरच्या पायरीवर जशीच्या तशी येते. १० चे दोन नग असतील तर २० चा एक द्यावा. २० च्या तीन नोटा असतील तर त्यांच्या जागी ५० आणि १० द्यावेत, म्हणजे तीन नगांचे दोन होतात. २० च्या दोन आणि १० चा एक असेल तर ५० ची एक नोट द्यावी. त्यामुळे १० आणि २० मिळून ४० च्या वर जात नाहीत आणि खालचे ९ धरून एकूण ४९ होतात. याचा अर्थ असा की रक्कम ५० किंवा अधिक असेल तर सर्वात कमी नगांच्या उत्तरात ५० ची किंवा त्याहून मोठी नोट असलीच पाहिजे. ५० ची एकच असू शकते, म्हणून १०० खालचे सर्व मिळून ९९ पर्यंत जाते, आणि पुढे १०० व २०० धरून ४९९ पर्यंत. प्रत्येक पायरीवर खालच्या नगांची बेरीज वरच्या नोटेला एक रुपया कमी पडते. मोठ्यापासून सुरुवात करण्याला आधार मिळतो तो एवढ्यावरच.

आता २० च्या तीन नोटांची अदलाबदल पाहा. त्यांच्या जागी ५० आणि १० घ्यायचे, तर १० चा नग हाताशी हवा. गल्ल्यातील १० संपले की ही अदलाबदल करता येत नाही, म्हणून २०, २०, २० हे उत्तर सर्वोत्तम राहू शकते आणि ग्रीडी मात्र ५० वरच अडून राहते. चलनाबद्दलचे विधान बरोबर आहे, पण ते ‘प्रत्येक मूल्य हवे तितके उपलब्ध आहे’ या अटीवर उभे आहे आणि दुकानाच्या गल्ल्यात ही अट दुपारपर्यंतही टिकत नाही. तुमच्या प्रोग्रॅममधली नोंद ठीक असावी, पद्धत अपुरी आहे.

एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. त्या वेळी गल्ल्यात २ ची पाच नाणी असती आणि ५ चे एकही नसते, तर प्रोग्रॅम अडला नसता. त्याने ५० आणि २ ची पाच असे सहा नग दाखवले असते, आणि तीन नगांचे उत्तर राहून गेले हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. अडलेला प्रोग्रॅम निदान दिसतो, वाईट उत्तर देणारा दिसत नाही.

जुनी_नाणी

पुरवठा मुबलक असूनही ग्रीडी चुकावी अशी नाण्यांची मालिका आपल्याच देशात होऊन गेली आहे, आणि ती या चर्चेत यायलाच हवी.

आण्यांच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा अशी प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या बरोबर निम्मी होती, त्यामुळे खालची दोन नाणी म्हणजे वरचे एक. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९६४ मध्ये ३ पैशांचे नाणे आले आणि १९६८ मध्ये २० पैशांचे, तेव्हा २५ पैशांचे नाणे चलनात होतेच. म्हणजे १, २, ३, ५, १०, २०, २५ आणि ५० पैसे ही सगळी नाणी एकाच वेळी वापरात होती.

या मालिकेत ४० पैसे द्यायचे असल्यास मोठ्यापासून सुरुवात करणारा माणूस २५, १० आणि ५ अशी तीन नाणी देतो. २० ची दोन दिली की काम होते. वजाबाकी यांच्या भाषेत सांगायचे तर २० आणि २० यांच्या जागी २५ पैशांचे नाणे घेऊन तितक्याच किंवा कमी नाण्यांत ४० करता येत नाहीत. मी कागदावर १ ते ९९ पैसे सगळे तपासले. ४० ते ४४ आणि ९० ते ९४ या दहा रकमांना ग्रीडी एक नाणे जास्त देते, बाकी सर्व ठिकाणी ती बरोबर असते. ६५ पैशांना ५०, १०, ५ आणि २५, २०, २० अशी दोन्हीकडे तीनच नाणी होतात, तिथे बरोबरी आहे. ३ पैशांच्या नाण्यामुळे मात्र कुठेही नुकसान होत नाही, हे मला अनपेक्षित होते. ६ पैशांना ५ आणि १ द्या किंवा ३ आणि ३ द्या, नाणी दोनच.

पुढे ३० जून २०११ पासून २५ पैशांचे नाणे वैध चलन राहिले नाही. २० आणि २५ या दोन नाण्यांचे एकमेकांना खेटून असणे हाच या मालिकेतला दोष होता. संग्राहक म्हणून दोन्ही नाणी मला प्रिय आहेत, पण ती एकत्र असणे हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे नव्हते असेच मी म्हणेन.

चौथी_ओळ

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हाच प्रश्न आम्हाला स्वाध्यायात प्रत्येक रकमेचे कोष्टक भरून सोडवायचा आहे. माझे उत्तर सर्वांपेक्षा फार मोठे येत आहे. १, २ आणि ५ च्या नाण्यांत १० रुपये देण्यासाठी मला १० मिळाले. ५ ची दोन नाणी पुरतात हे मलाही दिसते, पण कोष्टक पुन्हा पुन्हा तपासूनही १० च येतात. यात नेमके काय बिघडले आहे?

वजाबाकी

चौथी_ओळ, तुमचे कोष्टक बहुधा बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत आहे. १, २ आणि ५ मध्ये १० रुपये नेमके १० प्रकारे देता येतात. ५ चे एकही नाणे नसेल तर सहा प्रकार, एक असेल तर तीन आणि दोन असतील तर एक. तुम्ही प्रत्येक घरात आधीच्या घरांची बेरीज करत असणार. इथे बेरजेच्या जागी सर्वात लहान संख्या निवडायची असते आणि तिच्यात एक मिळवायचा असतो. तुमच्या स्वाध्यायात यांपैकी कोणता प्रश्न विचारला आहे तो शब्दशः वाचून पाहा, कारण दोन्ही विचारले जातात आणि दोन्हींची कोष्टके दिसायला सारखी असतात.

जुनी_नाणी यांनी ९९ पर्यंत तपासले, तिथे एक प्रश्न शिल्लक राहतो. एखाद्या मालिकेत चूक सापडली नाही तर किती पुढपर्यंत पाहून थांबावे? यावर डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झाक्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक सुंदर निष्कर्ष आहे. मालिकेत १ चे नाणे असेल आणि ग्रीडी कुठेही चुकत असेल, तर तिची सर्वात लहान चूक ठरावीक पट्ट्यातच सापडते. ती रक्कम तिसऱ्या नाण्याच्या मूल्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा मोठी असते आणि सर्वात मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेपेक्षा लहान असते. पैशांच्या मालिकेत हा पट्टा ४ ते ७५ यांच्या दरम्यानचा आहे आणि ४० त्यात आहे. आजच्या चलनात तो ६ ते ७०० यांच्या दरम्यान येतो. ७०० पर्यंतच्या रकमा संगणकावर तपासल्या आणि एकही चूक मिळाली नाही, तर पुढे कितीही मोठी रक्कम घेतली तरी मिळणार नाही. पण हा निष्कर्षही मुबलक पुरवठ्यासाठीच आहे, कृष्णाकाठ यांच्या गल्ल्याला तो लागू होत नाही.

प्रमेय_९

दुपटीबद्दलचे माझे म्हणणे एडिसनकर यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही, हे मान्य. तरीही संपूर्ण कोष्टक मांडण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. ग्रीडी अडली तर सर्वात मोठी नोट एकने कमी करून पुन्हा प्रयत्न करावा. ६० साठी ५० ची नोट मागे घेतली की २० च्या तीन आपोआप येतात. दोन-तीन ओळींच्या बदलात प्रोग्रॅम दुरुस्त होईल.

वजाबाकी

एकाच पायरीवर तुटवडा असेल तर तुमचा उपाय बऱ्याचदा चालेल. दोन पायऱ्यांवर असेल तर चालणार नाही. गल्ल्यात ५०० ची एक, २०० च्या तीन, ५० ची एक आणि २० च्या तीन नोटा आहेत असे समजा आणि ६६० रुपये द्यायचे आहेत. ग्रीडी ५००, ५० आणि २० च्या तिन्ही नोटा देऊन ६१० वर पोहोचते आणि ५० कमी पडतात. ५०० मागे घेतली तर २०० च्या तीन जातात, मग ५० जाते आणि १० साठी पुन्हा अडते. २०० च्या तीन आणि २० च्या तीन हे उत्तर मिळवायला ५०० आणि ५० दोन्ही मागे घ्यावे लागतात. प्रत्येक नोट मागे घेऊन पाहणारा प्रोग्रॅम लिहिता येईल, पण तो लिहिण्यापेक्षा कोष्टक लिहिणे सोपे आहे. शिवाय मी वर म्हटल्याप्रमाणे, ग्रीडी न अडता वाईट उत्तर देते तेव्हा मागे यायचे हे तिला कळणारच नाही.

कोष्टक कसे भरते ते कृष्णाकाठ यांच्याच गल्ल्यावर पाहू. प्रत्येक रकमेसमोर ‘आतापर्यंत पाहिलेल्या नगांतून ही रक्कम कमीत कमी किती नगांत होते’ ही संख्या लिहायची. सुरुवातीला फक्त ० समोर ० आहे आणि बाकी सर्व घरे ‘अशक्य’ आहेत. ५० ची पहिली नोट घेतली की ५० समोर १ येतो. दुसरी नोट १०० ला पोहोचवते, ती आपल्या ६० च्या मर्यादेबाहेर आहे. मग २० ची पहिली नोट घेतली की २० समोर १ येतो, दुसरी घेतली की ४० समोर २ आणि तिसरी घेतली की ६० समोर ३. चौथ्या नोटेने काही बदलत नाही. नंतर ५ आणि २ ची नाणी मधली घरे भरतात, उदाहरणार्थ ५५ समोर २, पण ६० समोरची ३ ही संख्या त्यांच्याने कमी होत नाही. ५० ची नोट आधी पाहिली म्हणून ती द्यावीच लागेल असा आग्रह कोष्टकात कुठेच नाही.

```python
def kami_nag(rakkam, galla):
    ASHAKYA = 10**9
    kami = [0] + [ASHAKYA] * rakkam
    dya = [{} for _ in range(rakkam + 1)]
    for mulya, nag in galla.items():
        for _ in range(nag):
            for x in range(rakkam, mulya - 1, -1):
                if kami[x - mulya] + 1 < kami[x]:
                    kami[x] = kami[x - mulya] + 1
                    dya[x] = dict(dya[x - mulya])
                    dya[x][mulya] = dya[x].get(mulya, 0) + 1
    return dya[rakkam] if kami[rakkam] < ASHAKYA else None
```

यातील सर्वात आतली फेरी मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे जाते, तिची दिशा कृपया बदलू नका. ती लहानाकडून मोठ्याकडे नेली तर २० च्या एकाच नोटेने २० समोर १ लिहिला जातो, लगेच तोच १ वापरून ४० समोर २ आणि मग ६० समोर ३ लिहिला जातो. म्हणजे गल्ल्यात २० ची एकच नोट असताना प्रोग्रॅम तीन द्यायला सांगतो. अशी उत्तरे दिसू लागली तर प्रथम या ओळीकडे पाहावे. चौथी_ओळ यांच्या स्वाध्यायात पुरवठा अमर्याद असेल तर मात्र नेमकी उलटी दिशा लागते.

वेळेची चिंता करू नये. परत द्यायची रक्कम ५०० च्या आत आणि गल्ल्यात तीनशे नग धरले तरी साधारण दीड लाख तुलना होतात आणि गिऱ्हाइकाला थांबावे लागत नाही.

रोकडपाल

मी अनेक वर्षे एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्या कामात होतो. गल्ल्यातून १० गेल्यावर जे होते तेच यंत्रातून १०० च्या नोटा संपल्यावर होते, फक्त आकड्यांवर एक शून्य वाढते. कॅसेटमध्ये, म्हणजे यंत्रातील नोटांच्या पेट्यांत, ५०० आणि २०० च उरल्या की ६०० मागणाऱ्याला ५०० देऊन पुढे जाता येत नाही, २०० च्या तीन द्याव्या लागतात. ११०० मागणाऱ्याला ५०० च्या दोन देऊन चालत नाही, ५०० ची एक आणि २०० च्या तीन लागतात. २०० च्या नोटा पुरेशा असतील तर १०० च्या पटीतल्या रकमांपैकी फक्त १०० आणि ३०० या दोनच रकमा खरोखर अशक्य असतात, ४०० पासून पुढे सर्व देता येतात. त्यामुळे अशा स्थितीत एखादे यंत्र ६०० किंवा ८०० नाकारत असेल, तर दोष रोकडीत नसून नोटा निवडण्याच्या पद्धतीत आहे, असे ओळखावे.

तिथे सर्व रकमा १०० ने भागून कोष्टक मांडता येते, म्हणजे १०,००० साठी शंभरच घरे लागतात. एका व्यवहारात बाहेर येणाऱ्या नोटांच्या संख्येवर यंत्राची मर्यादा असते, म्हणून नगांची संख्या कमी ठेवण्याला तिथे प्रत्यक्ष अर्थ आहे. मात्र नेहमीच सर्वात कमी नोटा द्याव्यात असे बँकांना वाटत नाही. तसे केले तर ५०० ची कॅसेट लवकर रिकामी होते आणि पुन्हा रोकड भरायला माणसे पाठवावी लागतात. दुसरीकडे लहान नोटा लोकांच्या हाती पोहोचाव्यात अशीही अपेक्षा असते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितले की ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएमनी किमान एका कॅसेटमधून १०० किंवा २०० च्या नोटा द्याव्यात.

भुसारपेठ

माझे स्वतःचे भुसार मालाचे दुकान आहे आणि मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण गल्ला मीच सांभाळते. तुम्ही सर्व जण ‘कमीत कमी नग’ हेच उद्दिष्ट धरून बोलत आहात. दुकानात ते तसे नसते. सकाळी ११ वाजता माझ्याकडे २० च्या चारच नोटा असतील तर त्यातल्या तीन एका गिऱ्हाइकाला देणे मला परवडत नाही, कारण पुढचा माणूस बंदी ५०० ची नोट घेऊन येणार हे मला माहीत असते. ५ आणि २ ची नाणी भरपूर असतील तर मी ५० ची नोट आणि वर चिल्लर देईन. नग जास्त गेले तरी २० च्या नोटा राहतात.

दुसरे म्हणजे १४० च्या बिलाला २०० ची नोट आली की मी आधी ‘वरचे ४० आहेत का?’ असे विचारते. गिऱ्हाइकाने २४० दिले तर मी १०० ची एक नोट परत देते आणि माझ्या गल्ल्यात ४० रुपयांचे सुटे येतात. तुमचा प्रोग्रॅम हा प्रश्न विचारत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. वजाबाकी यांची पद्धत बसवून मी जुन्या नोंदींमधील परताव्यांवर चालवून पाहिली. जिथे जुना प्रोग्रॅम अडला होता त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ५० आणि २० होते पण १० नव्हते. न अडता जास्त नग दिले गेल्याची उदाहरणेही निघाली आणि तीही १० संपल्यानंतरचीच होती. मुबलक गल्ला धरून ७०० पर्यंतच्या सर्व रकमा तपासल्या, तिथे दोन्ही पद्धतींच्या नगांची संख्या प्रत्येक वेळी सारखीच आली.

भुसारपेठ यांनी मांडलेली अडचण मामांनाही पटली. २० च्या नोटा राखून ठेवायच्या असतील तर कोष्टकात तसे कसे सांगायचे?

वजाबाकी

कोडमध्ये दोन ठिकाणी असलेल्या `kami[x - mulya] + 1` मधील १ हा त्या नगाचा भार आहे. तो सर्वांना सारखा ठेवण्याचे बंधन नाही. २० च्या नोटेला भार ३ आणि बाकी सर्वांना १ दिला, तर २० च्या तीन नोटांचा भार ९ होतो. ५० ची एक आणि २ ची पाच नाणी यांचा भार ६ होतो, म्हणून तितकी नाणी असतील तर कोष्टक तेच उत्तर निवडते. नाणी पुरेशी नसतील, जशी तुमच्या मूळ उदाहरणात नव्हती, तर ते २० च्या तीनच नोटा देते, कारण तेवढा एकच मार्ग शिल्लक असतो. ‘सुटे नाहीत’ हा संदेश दोन्ही बाबतींत येत नाही.

वरचे ४० मागण्याचा प्रश्नही गणितात मांडता येतो. गिऱ्हाइकाकडून येणारे नग वजा आणि आपण दिलेले नग अधिक धरले की दोन्ही बाजूंचा एकत्र विचार होतो. पण गिऱ्हाइकाच्या खिशात काय आहे हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते, त्यामुळे त्याने फक्त ‘वरचे ४० मिळाल्यास १०० ची एक नोट पुरेल’ असे सुचवावे आणि विचारायचे काम माणसावर सोडावे, असे माझे मत आहे.

भुसारपेठ

तो भार ३ च का, ५ का नाही, हे कोण ठरवणार? माझ्याकडे सकाळी २० ची नोट मोलाची असते आणि संध्याकाळी तिचाच ढीग असतो. बाजाराच्या दिवशी तर हे तासातासाला बदलते.

रोकडपाल

एटीएममध्ये आम्ही कॅसेटमधील शिल्लक पाहून ते ठरत असल्याचे पाहिले आहे. शिल्लक कमी झाली की त्या नोटेचा वापर आपोआप आवरता घेतला जातो. पण यंत्रात नोटा फक्त बाहेर जातात. दुकानाच्या गल्ल्यात त्या येतही असतात, त्यामुळे निव्वळ शिल्लक पाहून भार ठरवणे इथे पुरेसे होईल का याबद्दल मला शंका आहे.

कृष्णाकाठ

सध्या २० च्या नोटा पाचपेक्षा कमी असतील तर भार ३ आणि नाहीतर १, असा साधा नियम ठेवत आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्या नोटा किती येतात आणि किती जातात याची तासवार नोंद काढून ती इथे देईन. त्यानंतर भार ठरवण्याबद्दल पुन्हा विचारेन.